रेंजमधले वेगवेगळे आकडे मोजणं: ऑफलाइन क्वेरी आणि बीआयटी, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नेमका प्रश्न काय आहे?

`n` आकड्यांचा एक अ‍ॅरे दिलेला असतो आणि तो शेवटपर्यंत बदलत नाही. मग `q` क्वेरी येतात. प्रत्येक क्वेरीत `l` आणि `r` या दोन जागा असतात आणि उत्तर हवं असतं: `l` पासून `r` पर्यंत एकूण वेगळे आकडे किती? एखादा आकडा त्या पट्ट्यात दहा वेळा आला तरी तो एकदाच मोजायचा.

SPOJ वरचा `DQUERY` हा या प्रकारातला सगळ्यात ओळखीचा प्रॉब्लेम. तिथे `n` 30,000 पर्यंत आणि `q` 2,00,000 पर्यंत जातो. CSES वर हाच प्रॉब्लेम Distinct Values Queries या नावाने आहे. तिथे दोन्ही 2,00,000 पर्यंत असतात आणि आकडे 10⁹ पर्यंत. प्रत्येक क्वेरीला पट्टा पहिल्यापासून चालत गेलो, तर `DQUERY` मध्येच वाईटात वाईट 600 कोटी पावलं होतात. म्हणजे टीएलई ठरलेला.

या पानावर सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. जागा 1 पासून मोजल्या आहेत.

```
जागा:   1  2  3  4  5  6  7  8
आकडा:   5  2  5  7  2  2  9  5

क्वेरी: (1,4)  (2,6)  (3,8)  (5,6)
```

साधी प्रीफिक्स बेरीज का चालत नाही? सुरुवातीपासून `r` पर्यंतचे वेगळे आकडे वजा `l-1` पर्यंतचे, झालं की!

जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात आधी हेच येतं, म्हणून ते करूनच बघू. प्रत्येक जागेपर्यंत किती वेगळे आकडे दिसले ते मांडलं तर 1, 2, 2, 3, 3, 3, 4, 4 अशी ओळ मिळते. आता क्वेरी (5,6) घ्या. सहाव्या जागेपर्यंत 3, चौथ्या जागेपर्यंतही 3, वजाबाकी शून्य. पण 5 आणि 6 या जागांवर चक्क 2 हा आकडा बसलेला आहे, खरं उत्तर 1 आहे. रिकाम्या नसलेल्या पट्ट्यात शून्य वेगळे आकडे असूच शकत नाहीत.

चूक कुठे झाली ते नीट बघण्यासारखं आहे. या ओळीत प्रत्येक आकडा त्याच्या पहिल्या जागी मोजला गेला. 2 ची पहिली जागा दुसरी. ती पट्ट्याच्या बाहेर, डावीकडे राहिली, आणि वजाबाकीत 2 कायमचा निघून गेला. म्हणजे वजाबाकीत दोष नाही, खूण चुकीच्या जागी ठेवली गेली. पुढचं सगळं तंत्र ती खूण हलवण्यावरच उभं आहे.

मग खूण कुठे ठेवायची?

शेवटच्या जागी. मात्र पूर्ण अ‍ॅरेतल्या शेवटच्या जागी नाही, तर आत्तापर्यंत जिथवर आलो तिथपर्यंतच्या शेवटच्या जागी.

डावीकडून उजवीकडे एकेक जागा चालत जा. जागा `r` वर पोचलात की तिथल्या आकड्याची जुनी खूण पुसा (असली तर) आणि नवी खूण `r` वर ठेवा. त्यामुळे कोणत्याही क्षणी, आत्तापर्यंत दिसलेल्या प्रत्येक आकड्याची बरोबर एक खूण असते आणि ती त्याच्या सगळ्यात उजव्या जागेवर असते.

आता `r` वर उभं राहून विचारा: अमुक आकडा `l` ते `r` मध्ये आहे का? त्याची खूण `l` वर किंवा त्याच्या उजवीकडे असेल तर उघडच आहे, ती जागा पट्ट्यातच पडते. उलट बाजूने, तो पट्ट्यात कुठेही असेल तर त्याची सगळ्यात उजवी जागा निदान तिथे किंवा त्याहून उजवीकडे असणार, म्हणजे खूण `l` च्या डावीकडे जाऊच शकत नाही. म्हणून पट्ट्यातल्या खुणा मोजल्या की तेच वेगळ्या आकड्यांचं उत्तर. सिद्धता एवढीच.

हे हातानं करून दाखवाल का?

दाखवतो. कागद-पेन घेऊन सोबत केलंत तर जास्त चांगलं.

`r` = 1 ला 5 आला, खूण 1 वर. `r` = 2 ला 2 आला, खूण 2 वर. `r` = 3 ला पुन्हा 5 आला, म्हणून 1 वरची खूण पुसली आणि 3 वर ठेवली. `r` = 4 ला 7 आला, खूण 4 वर. आता खुणा 2, 3, 4 वर आहेत. क्वेरी (1,4) चा उजवा टोक इथेच आहे, तेव्हा तिचं उत्तर आत्ताच काढायचं: तीन खुणा, उत्तर 3. आकडे 5, 2, 7. बरोबर.

`r` = 5 ला 2 आला, खूण 2 वरून 5 वर. `r` = 6 ला लगेच पुन्हा 2 आला, खूण 5 वरून 6 वर. खुणा आता 3, 4, 6. इथे दोन क्वेरी संपतात. (2,6) मध्ये तिन्ही खुणा येतात, उत्तर 3. (5,6) मध्ये फक्त सहावी, उत्तर 1. वजाबाकीने जिथे शून्य दिलं होतं तीच ही क्वेरी.

`r` = 7 ला 9 आला, खूण 7 वर. `r` = 8 ला 5 आला, खूण 3 वरून 8 वर. खुणा 4, 6, 7, 8. क्वेरी (3,8) मध्ये चारही येतात, उत्तर 4.

क्वेरी सॉर्ट का कराव्या लागतात? आल्या तशा का नाही सोडवायच्या?

कारण खुणांची मांडणी `r` वर अवलंबून असते आणि आपण पुढे सरकलो की मागची मांडणी पुसली जाते. वरच्या उदाहरणात सगळा अ‍ॅरे चालून झाल्यावर (1,4) विचारून बघा. खुणा 4, 6, 7, 8 वर आहेत, त्यातली 1 ते 4 मध्ये एकच. उत्तर 1 येईल, खरं होतं 3. जिथे `r` = 4 होता तो क्षण निघून गेला.

म्हणून सगळ्या क्वेरी आधी वाचून घ्यायच्या, उजव्या टोकाच्या चढत्या क्रमाने लावायच्या आणि ज्याच्या त्याच्या क्षणी उत्तर काढायचं. ऑफलाइन म्हणतात ते यालाच. `l` कोणत्या क्रमाने येतो याने काही फरक पडत नाही.

खरं म्हणजे `sort` ची सुद्धा गरज नसते. `r` हा 1 ते `n` मधलाच आकडा आहे, तेव्हा प्रत्येक `r` साठी एक यादी करायची आणि क्वेरी तिच्या तिच्या यादीत टाकायची. खाली कोडमध्ये तेच केलं आहे. मला हे जास्त आवडतं, कारण कम्पॅरेटर लिहिण्यात होणारी एक चूक आपोआप वाचते.

यात बीआयटी नेमकी कुठे येते?

आपल्याला दोनच कामं हवी आहेत: एका जागेवर खूण ठेवणं किंवा पुसणं, आणि एका टप्प्यातल्या खुणा मोजणं. साध्या अ‍ॅरेत खूण ठेवणं एका पावलाचं, पण मोजायला `n` पावलं. प्रीफिक्स बेरजेचा अ‍ॅरे ठेवला तर उलटं. बायनरी इंडेक्स्ड ट्री दोन्ही कामं साधारण `log n` पावलांत करते. 2,00,000 साठी ती जास्तीत जास्त 18 पावलं. पीटर फेनविक यांच्या 1994 च्या लेखामुळे ती माहीत झाली, म्हणून तिला फेनविक ट्री असंही म्हणतात.

```cpp
void add(int i, int v) {
    for (; i <= n; i += i & -i) t[i] += v;
}
int sum(int i) {
    int s = 0;
    for (; i > 0; i -= i & -i) s += t[i];
    return s;
}
```

`i & -i` म्हणजे `i` मधला सगळ्यात खालचा चालू बिट. `t[i]` मध्ये `i` वर संपणाऱ्या तेवढ्याच लांबीच्या तुकड्याची बेरीज असते. 6 म्हणजे 110, खालचा बिट 2, म्हणून `t[6]` मध्ये 5 आणि 6 या दोन जागांची बेरीज. 4 म्हणजे 100, म्हणून `t[4]` मध्ये 1 ते 4.

आपल्या उदाहरणात `r` = 6 झाल्यावर खुणा 3, 4, 6 वर आहेत आणि ट्री अशी दिसते:

```
i:      1  2  3  4  5  6  7  8
t[i]:   0  0  1  2  0  1  0  3
```

(5,6) साठी `sum(6)` हवी. 6 वरचा 1 घेतला, 6 मधून 2 गेले, 4 वर आलो, तिथले 2 घेतले, 4 मधून 4 गेले, संपलं. बेरीज 3. `sum(4)` म्हणजे थेट `t[4]`, 2. वजाबाकी 1. कोड चुकतोय असं वाटलं तर ट्री अशी छापून याच ओळीशी ताडून बघा, चूक पाच मिनिटांत सापडते.

पूर्ण लूप कसा दिसतो?

```cpp
for (int r = 1; r <= n; r++) {
    int &p = last[a[r]];
    if (p) add(p, -1);
    add(r, 1);
    p = r;
    for (auto [l, id] : at[r])
        ans[id] = sum(r) - sum(l - 1);
}
```

`last` मध्ये प्रत्येक आकड्याची आत्ताची खूण कुठे आहे ते असतं, 0 म्हणजे अजून दिसलेला नाही. `at[r]` ही `r` वर संपणाऱ्या क्वेरींची यादी. `id` म्हणजे इनपुटमधला क्रमांक. तो ठेवायचा कारण उत्तरं आपण वेगळ्याच क्रमाने काढतो, छापायची मात्र विचारलेल्या क्रमाने.

एक छोटी गंमत: `r` वर असताना `r` च्या पुढे एकही खूण नसते. म्हणजे `sum(r)` हा एकूण खुणांचा आकडा झाला, आणि तो वेगळ्या `cnt` मध्ये ठेवता येतो. `p` शून्य असेल तेव्हाच तो एकने वाढवायचा. मग प्रत्येक क्वेरीला एकच `sum` लागते. वेग थोडासाच वाढतो, पण मला ते वाचायला जास्त स्वच्छ वाटतं: एकूण खुणांतून `l` च्या डावीकडच्या वजा.

आकडे 10⁹ पर्यंत आहेत, `last` एवढा मोठा कसा करू?

करू नका. आकडा किती मोठा आहे याच्याशी आपल्याला घेणं नाही, दोन आकडे सारखे आहेत की नाहीत एवढंच हवं. सगळ्या आकड्यांची एक प्रत सॉर्ट करा, `unique` ने दुहेरी काढा आणि प्रत्येक आकड्याच्या जागी `lower_bound` ने मिळालेला त्याचा क्रमांक लिहा. ऋण आकडे असले तरी तेच. `map` वापरलात तरी चालतं, `n` वेळाच तर शोधायचं आहे. `unordered_map` बद्दल थोडं जपून: स्पर्धेत दुसऱ्याचा कोड पाडायला मुद्दाम टक्कर होणारे आकडे देतात आणि मग प्रत्येक शोध लांबतो.

बरोबर वाटणारा कोड चुकीची उत्तरं देतोय. कुठे बघू?

माझ्या अनुभवात चार ठिकाणी चूक असते, आणि चारही वेगळ्या लक्षणांनी ओळखता येतात.

`l` आणि `r` सारखे असलेल्या क्वेरीला 0 येत असेल, तर `r` वर खूण ठेवण्याआधीच तुम्ही उत्तर काढताय. क्वेरींचा लूप `add(r, 1)` च्या खालीच हवा. एका जागेच्या पट्ट्याचं उत्तर नेहमी 1 असतं, म्हणून ही चाचणी मी सगळ्यात आधी लावतो.

प्रोग्रॅम अडकून बसला, काहीच छापत नाही, तर बहुधा कुठेतरी `add(0, …)` झालं आहे. 0 चा खालचा बिट 0 च, त्यामुळे `i` जागचा हलत नाही आणि लूप संपत नाही. 0 पासून मोजणाऱ्या अ‍ॅरेवर हा कोड तसाच चिकटवला की हमखास होतं. `sum(0)` ला मात्र काही होत नाही, ती शांतपणे 0 देते.

उत्तरांतले आकडे बरोबर पण क्रम उलटसुलट असेल, तर `id` वापरायचं राहिलं. यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. माझ्या सगळ्या चाचण्यांत क्वेरी योगायोगाने `r` च्या चढत्या क्रमानेच लिहिल्या होत्या, त्यामुळे घरी सगळं बरोबर आणि जजवर सगळं चूक. तेव्हापासून निदान एका चाचणीत मोठा `r` आधी लिहितो.

पहिली टेस्ट बरोबर आणि पुढच्या चुकीच्या, तर `t`, `last` आणि `at` मोकळे करायचे राहिले.

याशिवाय दोन चाचण्यांची उत्तरं न मोजता माहीत असतात: सगळे आकडे सारखे असतील तर प्रत्येक उत्तर 1, सगळे वेगळे असतील तर `r - l + 1`. त्यातून सुटलं तर `n` = 8 चे आणि 1 ते 3 मधल्या आकड्यांचे यादृच्छिक अ‍ॅरे बनवून `set` वाल्या सरळ उत्तराशी ताडा. आकडे मुद्दाम थोडेच ठेवा, म्हणजे पुनरावृत्ती भरपूर होते. चूक असते ती खूण हलवण्यातच, आणि आकडे परत आलेच नाहीत तर ती दिसत नाही.

मोज अल्गोरिदमने हेच होतं ना? मग हे कशाला?

होतं. मोजमध्येही क्वेरी ऑफलाइन लावतात आणि खिडकीची दोन टोकं सरकवत राहतात. `n` आणि `q` दोन्ही 2,00,000 असतील तर त्यात साधारण 9 कोटी सरकवण्या होतात. बीआयटीत 4 लाख `add` आणि `cnt` ठेवला तर 2 लाख `sum`, प्रत्येकी फार तर 18 पावलं, म्हणजे 1 कोटी 8 लाखांच्या आत. कडक वेळमर्यादेत हा फरक निर्णायक ठरतो.

पण मोज इतर प्रकारच्या प्रश्नांनाही चालतो. पट्ट्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा किती वेळा आला, हे एका आकड्याच्या एका खुणेवरून कळत नाही. तिथे बीआयटीचा हट्ट धरू नका.

खुणेच्या जागी दुसरं काही ठेवता येतं का?

येतं, आणि या तंत्राची खरी मजा तिथेच आहे. वेगळ्या आकड्यांची बेरीज हवी असेल तर 1 ऐवजी तो आकडाच ठेवा आणि पुसताना तोच वजा करा. `t` मात्र `long long` चा करा.

निदान दोनदा आलेले आकडे मोजायचे असतील तर खूण शेवटच्या जागी न ठेवता शेवटून दुसऱ्या जागी ठेवा. आकडा पट्ट्यात दोनदा आहे म्हणजे त्याची शेवटून दुसरी जागा `l` च्या डावीकडे नाही. कारण वरचंच, फक्त एक जागा मागे. आपल्या उदाहरणात `r` = 8 ला 5 च्या जागा 1, 3, 8, म्हणून खूण 3 वर. 2 च्या जागा 2, 5, 6, म्हणून खूण 5 वर. (3,8) चं उत्तर 2. (4,8) विचारलं असतं तर 5 निसटला असता आणि उत्तर 1 आलं असतं.

झाडावरच्या प्रश्नांतही हे बसतं. प्रत्येक नोडच्या उपवृक्षात किती वेगळे रंग, असं विचारलं तर ऑयलर टूरने झाड सपाट करा. उपवृक्ष म्हणजे सलग पट्टा होतो आणि पुढे हाच कोड.

क्वेरी आधी मिळतच नसतील तर?

काही प्रॉब्लेममध्ये पुढची क्वेरी मागच्या उत्तराशी एक्सऑर करून दिलेली असते, मुद्दाम ऑफलाइनची वाट बंद करायला. तेव्हा प्रत्येक `r` ची मांडणी जपून ठेवावी लागते आणि त्यासाठी पर्सिस्टंट सेगमेंट ट्री वापरतात. विचार तोच राहतो, खूण हलवणंही तेच. फक्त प्रत्येक हालचालीत मुळापासून पानापर्यंतचे नोड नव्याने बनतात. `n` 2,00,000 असेल तर दोन बदल, प्रत्येकी 19 नोड, एकूण सुमारे 76 लाख नोड. नोडमागे 12 बाइट धरले तर 90 एमबीच्या आसपास. बीआयटीला याच कामात 1 एमबी सुद्धा लागत नाही.

आणि अ‍ॅरे मध्येच बदलत असेल तर?

मग हा कोड तसाच चालणार नाही. पण तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत मांडता येतो. `prev[i]` म्हणजे `i` वरचा आकडा याआधी शेवटचा कुठे आला होता ती जागा, नसेल तर 0. पट्ट्यातल्या ज्या जागांचा `prev[i]` हा `l` पेक्षा लहान आहे, त्या त्यांच्या आकड्याच्या पट्ट्यातल्या पहिल्याच जागा. त्या मोजल्या की उत्तर तेच. एक आकडा बदलला की मोजक्याच जागांचा `prev` बदलतो: बदललेली जागा, तिथल्या जुन्या आकड्याची पुढची जागा आणि नव्या आकड्याची पुढची जागा, म्हणजे जास्तीत जास्त तीन. हे बदल आणि क्वेरी वेळेच्या क्रमाने घेऊन सीडीक्यू विभागणीने सोडवतात. प्रत्येक बदलाला `log` दोनदा गुणावा लागतो, कोडही बराच लांबतो. अ‍ॅरे बदलणार नाही हे नक्की असेल तर त्या वाटेला जायचं कारण नाही.